गोव्याच्या स्वयंपाकघरासाठी पाककृती-मदतनीस: ॲलर्जी पकडणारा प्रॉम्प्ट कसा लिहायचा

भेंडीच्या भाजीत मूठभर सुकी सुंगटे पडलेली असू शकतात, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही. एआय चॅटला मात्र सांगावे लागते. ‘भेंडीची भाजी’ हे नाव वाचून तो ती शाकाहारी धरतो, आणि घरात कोळंबीची ॲलर्जी असलेले मूल असेल तर पहिली चूक तिथेच होते.

घरातल्या पथ्यांप्रमाणे आणि फळीवर असेल त्या सामानाप्रमाणे पाककृती बदलून देणारा, वर ॲलर्जीचा धोका दाखवणारा प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटला द्यायची लेखी सूचना, कसा लिहायचा, ते इथे पायरीपायरीने दिले आहे. फोनवरचे कुठलेही चॅट ॲप चालेल. प्रोग्रामिंग लागत नाही. लागते ती आपल्या घराची नेमकी माहिती, आणि ती लिहिण्यातच बहुतेकांचे चुकते.

आधी एक मर्यादा नीट समजून घ्या. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे डॉक्टर ठरवतात, आणि पाकिटात काय आहे हे लेबल सांगते. प्रॉम्प्टचे काम या दोन्हींच्या मधले आहे. तो पाककृतीतला एकेक जिन्नस तुमच्या यादीशी ताडून पाहतो आणि शंका असेल तिथे तुम्हाला लेबलाकडे पाठवतो. यापेक्षा जास्त भरवसा त्याच्यावर टाकू नका.

जवळ काय घेऊन बसाल

- डॉक्टरांनी लिहून दिलेली ‘हे बंद’ची यादी. आठवणीतली नव्हे, कागदावरची.
- हिंग, तयार मसाले, सॉस, बिस्किटे, व्हिनेगर यांची पाकिटे किंवा त्यांच्या लेबलांचे फोटो.
- रोजच्या वापरातली वाटी किती मिलिलीटरची आहे याचे माप. घरोघरी ती १०० पासून २०० पर्यंत काहीही असते. मोजपात्राने एकदा मोजा आणि आकडा लिहून ठेवा.
- प्रॉम्प्ट जपून ठेवण्यासाठी फोनमधली एक नोट.

## १. घराचा तक्ता लिहा

‘माझ्या मुलाला नट्स चालत नाहीत’ एवढ्यावर काम भागत नाही. यात काजू आला, बदाम आला, शेंगदाणा येतो की नाही ते कळत नाही, आणि नारळाचे काय हा प्रश्न उरतोच.

नारळाची गोष्ट गोव्यात फार महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कित्येक वर्षे नारळ ‘ट्री नट’च्या, म्हणजे काजू-बदाम गटाच्या, यादीत ठेवला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो यादीतून काढला. चॅट ॲपांनी वाचलेला इंग्रजी मजकूर बराचसा त्याआधीचा आहे. त्यामुळे ‘नट्सची ॲलर्जी’ असे लिहिले की नारळावरही धोक्याची खूण येऊ शकते. हुमण, तोंडाक, सोलकढी, पातोळ्या, सगळ्यांवर एकदमच लाल खूण आली तर तुम्ही दोन दिवसांत खुणा वाचणेच सोडून द्याल, आणि तिसऱ्या दिवशी खरी खूण नजरेतून निसटेल. काजूची ॲलर्जी असलेले बरेच लोक नारळ खातात, पण काहींना नारळाचीही ॲलर्जी असते. म्हणून डॉक्टरांना विचारा आणि जे उत्तर मिळेल ते तक्त्यात स्वतंत्र ओळीवर लिहा.

काजू बंद असेल तर पिस्त्याबद्दलही विचारा. दोन्ही एकाच कुळातली झाडे आहेत आणि एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याची असणे नेहमीचे आहे.

प्रत्येक बंधनाचा प्रकारही लिहा. ‘बंद’ म्हणजे कणभरही नाही. ‘मर्यादित’ म्हणजे डॉक्टरांनी कमी करायला सांगितलेले. ‘आवड’ म्हणजे नसले तर बरे. हे वेगळे केले नाही तर वांगे न आवडणारे आजोबा आणि काजूने घसा सुजणारी नात यांना एकाच तराजूत तोलले जाते.

नमुना असा:

```
घराचा तक्ता
व्यक्ती अ, वय ८
  बंद (ॲलर्जी): काजू, पिस्ता; कोळंबी, खेकडा,
    शेवंड, ताजे, सुके किंवा पूड
  डॉक्टरांनी चालेल सांगितलेले: नारळ, शेंगदाणा,
    तीळ, मासे
  विचारलेले नाही: तिसऱ्या, खुबे, शिनाणे, माणकी
व्यक्ती ब, वय ५२
  बंद (सीलियाक): गहू, रवा, मैदा, जव, त्यांचा अंश
व्यक्ती क, वय ७४
  मर्यादित: मीठ
  आवड: वांगे नको
```

तक्त्यातला सीलियाक म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. ‘विचारलेले नाही’ ही ओळ मुद्दाम ठेवली आहे. कोळंबी आणि तिसऱ्या दोघांनाही इंग्रजीत ‘शेलफिश’ म्हणतात, पण ते दोन वेगळे गट आहेत. कोळंबी, खेकडे एका गटात आणि तिसऱ्या, शिनाणे, माणकी दुसऱ्या. ॲलर्जी घडवणारे ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन दोन्ही गटांत असते, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याने त्रास होऊही शकतो आणि नाहीही. चॅटने हा अंदाज बांधू नये. ओळ मोकळी सोडलीत तर तो बांधतोच. हे प्रथिन उष्णतेने मोडत नाही, म्हणून ‘चांगले उकळले की चालते’ असा सल्ला कुठूनही आला तरी तो खोडून टाका.

तक्त्यात नावे घालू नका. ‘व्यक्ती अ’ पुरते. मुलाचे नाव, शाळा, आजाराचा इतिहास यातले काही पाककृतीला लागत नाही.

## २. गोव्याच्या शब्दांची यादी जोडा

ही पायरी लोक गाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आपण मराठीत लिहितो, पण स्वयंपाकघरातले शब्द कोकणी असतात. चॅटला प्रमाण मराठी बऱ्यापैकी कळते, पण गोव्याच्या ओट्यावरचे शब्द कमी कळतात. न कळलेला शब्द तो विचारत नाही, जवळच्या दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ घेऊन पुढे जातो.

सर्वांत ठळक उदाहरण ‘सोय’. आपल्याकडे सोय म्हणजे खवलेला नारळ. ‘एक वाटी सोय’ लिहिले की ते सोयाबीन किंवा सोया सॉस म्हणून वाचले जाण्याची शक्यता आहे. आता सोया हा स्वतःच ॲलर्जीचा पदार्थ आहे आणि बाजारातल्या बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. म्हणजे नारळाच्या जागी सोया धरला जाऊन खोटी खूण येईल. सोयाची ॲलर्जी असलेल्या घरात उलटेही होऊ शकते. पाककृतीत खरेच सोया असला आणि चॅटने तो खवलेला नारळ म्हणून सोडून दिला, तर तो धोका कुणाच्या लक्षातही येणार नाही.

```
शब्दांची यादी
सोय = खवलेला नारळ (सोयाबीन नव्हे)
सुंगटे = कोळंबी
गालमो = सुकी बारीक कोळंबी, जवळा
किसमूर = सुकी कोळंबी किंवा सुका मासा घातलेली कोशिंबीर
बालचांव = आंबटतिखट मसाला; त्यात गालमो असतो असे धरा
सुके = दोन अर्थ: सुकी मासळी किंवा रस नसलेली भाजी. विचारा
सोला = कोकम
पोई, उंडो, पाव = गव्हाचे
रवा = गव्हाचा
जायफळ = मसाला; काजू-बदामाच्या गटातले नव्हे
```

यादी दहा-पंधरा शब्दांपेक्षा लांबवू नका. ज्या शब्दांमुळे तुमच्या तक्त्यातला ‘बंद’ पदार्थ लपू शकतो किंवा उगीच दिसू शकतो, तेवढेच ठेवा. तिरफळ, तोर, आटवल हे शब्द चॅटला कळले नाहीत तर जेवण थोडे बिघडेल, पण कुणाला दवाखान्यात न्यावे लागणार नाही.

जून-जुलैत या यादीची परीक्षा होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुरुमेताची सुकी मासळी बाहेर निघते. तांबडी भाजी, भेंडी, दुधी, ज्या भाज्यांत एरवी शंका घ्यायचे कारण नसते त्यांत सुकी सुंगटे येऊ लागतात. म्हणून तक्त्यात ‘ताजे, सुके किंवा पूड’ असे तिन्ही लिहिले आहे.

## ३. नियम लिहा, थोडे पण पक्के

‘ॲलर्जीची काळजी घे’ हा नियम नव्हे, ती इच्छा झाली. नियम असा हवा की उत्तर बघून तो पाळला की मोडला हे तुम्हाला सांगता येईल. एवढे सहा पुरतात:

```
तू घरच्या पाककृती बदलून देणारा मदतनीस आहेस.
१. पाककृती देण्याआधी प्रत्येक जिन्नस तक्त्याशी ताडून
   तीनपैकी एक शेरा दे: आहे / असू शकतो, लेबल पाहा / नाही.
२. तयार मसाला, हिंग, सॉस, सुटा माल यांना लेबल
   पाहिल्याशिवाय "नाही" हा शेरा देऊ नकोस.
३. जिन्नस बदललास तर तो पदार्थात काय काम करत होता ते सांग,
   आणि बदली जिन्नस सर्व व्यक्तींसाठी पुन्हा ताडून पाहा.
४. शब्द कळला नाही किंवा माहिती अपुरी असेल तर आधी
   विचार. अंदाजाने पुढे जाऊ नकोस.
५. "बंद" पदार्थ कमी प्रमाणात किंवा चव बघण्यापुरता सुचवू नकोस.
६. औषध, डोस, ॲलर्जीची चाचणी यांवर सल्ला देऊ नकोस.
```

पहिल्या नियमातला मधला शेरा काढू नका. फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ ठेवले की शंकेच्या जागी ‘नाही’ येते. हिंगाचे पाहा. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, बहुतेक वेळा गव्हाचे किंवा मैदा, काही कंपन्यांचे तांदळाचे. पाककृतीत फक्त ‘चिमूटभर हिंग’ एवढेच लिहिलेले असते. सीलियाक असलेल्या माणसाला या चिमटीचे खरे उत्तर डबीच्या मागे मिळते, म्हणून शेराही तसाच हवा.

तिसऱ्या नियमावर जरा थांबतो, कारण धोक्याच्या चुका इथेच होतात. एक बंधन सोडवताना चॅट दुसरे मोडतो. दूध किंवा मलई काढायला सांगा, तो काजूची पेस्ट सुचवेल, कारण दूध न वापरणाऱ्यांच्या पाककृतींत तीच सर्रास दिसते. मैदा काढायला सांगा, बदामाचे पीठ येईल. काजू काढायला सांगा, बदाम येईल. मीठ कमी करायला सांगा, सोया सॉस किंवा कमी सोडियमचे मीठ येईल. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. एकेक बदल वेगळा पाहिला तर शहाणपणाचाच वाटतो. सगळ्या ताटांवर एकदम नजर टाकली की चूक दिसते, म्हणून बदलीनंतरची दुसरी तपासणी नियमातच लिहून टाकायची.

‘काय काम करत होता’ हेही मुद्दाम विचारायचे. काजू रस दाट करतो, थोडा गोडवा आणि स्निग्धपणा देतो. त्यातले दाटपणाचे काम तांदूळ करू शकतो, स्निग्धपणाचे नारळ. हे सांगितले नाही तर नुसते नावाला नाव जोडून बदल होतो आणि रस पाणचट निघतो.

## ४. घरात काय आहे ते मापासकट सांगा

‘नारळ, कांदे, मशरूम आहेत’ असे लिहिले की चॅट मनाने मापे धरतो. ‘अर्धा मध्यम नारळ, कांदे ३, मशरूम ४०० ग्रॅम, खसखस नाही, वाटी १५० मिलिलीटर’ असे लिहा. नसलेली गोष्ट नाही म्हणून लिहिणेही तितकेच गरजेचे, नाहीतर खसखस आहेच असे धरून पाककृती येते.

पाकिटबंद जिन्नस असेल तर लेबलावरची घटकांची ओळ जशीच्या तशी टाइप करा. फोटो चढवता येतो, पण बारीक अक्षरे, घडी पडलेले पाकीट आणि चमकणारे प्लास्टिक यांत एखादा शब्द चुकीचा वाचला जातो किंवा गळतो. फोटो दिलाच तर वाचलेली ओळ आधी लिहून दाखवायला सांगा आणि ती पाकिटाशी स्वतः जुळवा.

लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्या देशात एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ॲलर्जीची वेगळी सूचना या गटांसाठी द्यावी लागते: ग्लूटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकडा गट, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदाम गट, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. तिसऱ्या-माणकीचा गटही नाही. युरोपात हे सगळे यादीत आहेत, त्यामुळे परदेशी माहितीवर पोसलेला चॅट ‘सूचनेत तीळ नाही, म्हणजे तीळ नाही’ असे समजून चालू शकतो. तिळाची ॲलर्जी असेल तर सूचनेवर विसंबू नका, घटकांची पूर्ण ओळ वाचा. ‘मसाले’ असा मोघम शब्द असेल तर त्यात मोहरी असू शकते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला सुटा मसाला, कुणाच्या घरचा रेशाद, माडाचे व्हिनेगर, यांना लेबलच नसते. अशा मालाचा शेरा नेहमी ‘असू शकतो’. विकणारीला थेट विचारा की यात काय काय घातले आणि याच पाट्यावर किंवा यंत्रात आणखी काय वाटता.

## ५. एक उदाहरण पूर्ण: मशरूमची शागोती

वरचाच तक्ता घेऊ. घरात काजू आणि कोळंबी बंद असलेले मूल, पाहुणी आलेली सीलियाकची मावशी, मीठ कमी खाणारे आजोबा. मूळ पाककृती चार माणसांची:

मशरूम ४०० ग्रॅम, खवलेला नारळ १ वाटी, कांदे २, सुक्या लाल मिरच्या ६, धणे २ चमचे, बडीशेप १ चमचा, खसखस १ चमचा, मिरी ८, लवंगा ४, दालचिनीचा तुकडा, बाद्यान १, किसलेले जायफळ चिमूटभर, काजू १०, तयार शागोती मसाला १ चमचा, हिंग चिमूटभर, मीठ दीड चमचा. सोबत पाव.

घरात खसखस नाही. अर्धा नारळ आहे. तांदूळ आहे.

तपासणीत बहुतेक जिन्नसांवर ‘नाही’ यायला हवे: मशरूम, नारळ, कांदा, मिरच्या आणि सगळे आख्खे मसाले. जायफळावर खूण आली तर समजा की शब्दांची यादी वाचली गेली नाही. काजू आणि पाव यांवर ‘आहे’ हवे. तयार मसाला आणि हिंग यांवर ‘असू शकतो, लेबल पाहा’. या दोघांपैकी एकावर जरी ‘नाही’ आले, तरी दुसरा नियम मोडला. ते उत्तर वापरू नका.

आता बदल. काजू आणि खसखस मिळून रस दाट करत होते. त्यांच्या जागी कच्चे तांदूळ २ चमचे, अर्धा तास भिजवून, भाजलेल्या नारळाबरोबर वाटायचे. तांदळाने रस लवकर धरतो आणि तळाला लागतो, म्हणून वाटण घातल्यावर आच मंद आणि ढवळणे सतत. स्निग्धपणासाठी सोय दोन चमचे जास्त. ती तपकिरी होईपर्यंत मंद आचेवर भाजायची, कारण शागोतीची चव त्या भाजण्यातच आहे. तयार मसाला सरळ वगळून धणे अडीच चमचे करायचे. लेबल वाचत बसण्यापेक्षा हे सोपे. हिंग नसला तरी या पदार्थाचे काही अडत नाही.

मीठ १ चमचा शिजवताना, आणि इतरांना लागेल तसे ताटात वरून. आंबटपणामुळे कमी मीठ खपून जाते, म्हणून शेवटी दोन सोला किंवा अर्ध्या लिंबाचा रस.

पावाच्या जागी भात. इथे चॅट तांदळाची भाकरी सुचवील, आणि कागदावर ती बरोबरच आहे. पण पीठ नाक्यावरच्या गिरणीतून दळून आणले असेल तर आधी त्याच जात्यातून गहू गेलेला असतो. सीलियाकमध्ये एवढा अंशही नको. भारतात ‘ग्लूटेन-मुक्त’ लिहायचे तर मालात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे लागते, आणि गिरणीच्या पिठाबद्दल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून तक्त्यात एक ओळ वाढवा: ‘गिरणीवरचे पीठ व्यक्ती ब साठी बंद.’ अशा ओळी वापरता वापरता सुचतात. सुचली की लगेच नोटमध्ये घाला.

मशरूमबद्दल एक वेगळी सूचना. पावसात रानातली अळमी विकायला येतात. बाजारातले बटन किंवा ऑयस्टर मशरूम वापरा, किंवा अळमी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. फोटो चढवून ‘हे खायचे आहे का’ असे चॅटला विचारू नका. विषारी आणि खाण्याची अळमी फोटोत सारखी दिसतात, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत जीवाने मोजावी लागते.

## ६. वापरण्याआधी सापळे लावून पाहा

प्रॉम्प्ट तयार झाला की लगेच त्यावर जेवण रांधू नका. ज्यांची उत्तरे तुम्हाला आधीच माहीत आहेत अशा पाच पाककृती देऊन पाहा.

- वांग्याचे बालचांव. गालमो पकडायला हवा. नाव ‘वांगे’ असल्यामुळे सुटण्याची शक्यता मोठी. आजोबांची वांग्याची नावड वेगळी, ‘आवड’ म्हणून नोंदली जायला हवी.
- रवा लावून तळलेला बांगडा. रव्यावर ‘आहे’ हवे. मुलासाठी तेलाबद्दल प्रश्न हवा, कारण त्याच तेलात आधी सुंगटे तळली असतील.
- हिंगाची फोडणी दिलेले वरण. ‘लेबल पाहा’ हवे.
- नेवऱ्या. बाहेरचे आवरण गव्हाचे, सारणात बहुतेकदा काजू. दोन्ही वेगवेगळे, दोन व्यक्तींच्या नावे दिसायला हवेत.
- सोलकढी. नारळ, सोला, लसूण, मिरची. मुलासाठी आणि मावशीसाठी इथे काही येता कामा नये. खूण आली तर प्रॉम्प्ट उगीच घाबरवणारा झाला आहे, आणि तेही दुरुस्त करायला हवे.

एखादी सुटली तर नियम वाढवत बसू नका. आधी तक्ता आणि शब्दांची यादी तपासा. बहुतेक वेळा दोष तिथे असतो: गालमो यादीत नसतो, किंवा ‘सुके’ हा शब्द तक्त्यात नसतो. ॲप अद्ययावत झाले किंवा तुम्ही दुसरे घेतले, की हे पाच सापळे पुन्हा लावा. दहा मिनिटांचे काम आहे.

लांबलेल्या संभाषणात आणखी एक अडचण येते. सकाळी तक्ता दिला, दिवसभर वीस गोष्टी विचारल्या, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सुरुवातीच्या ओळींचा प्रभाव ओसरलेला असतो. प्रत्येक पदार्थासाठी नवे संभाषण उघडा आणि नोटमधून तक्ता, यादी, नियम तिन्ही पुन्हा चिकटवा. ॲपमध्ये कायमच्या सूचना ठेवायची जागा असेल तर तिथे ठेवा, तरी मागणीच्या ओळीत ‘काजू व कोळंबी बंद, गहू बंद’ हे परत लिहा.

## ७. ओट्यावर आल्यावर

कागदावरची पाककृती निर्दोष असली तरी भांडी निर्दोष असतीलच असे नाही. चॅटला तुमचा ओटा दिसत नाही. आधी काजू वाटलेले मिक्सरचे भांडे नुसते विसळून चालत नाही. झाकणाच्या रबराखाली आणि पात्याच्या तळाशी पेस्ट राहते, तिथे ब्रश फिरवून साबणाने धुवा. लाकडी डाव आणि चिरा पडलेला पोळपाट यांत पीठ अडकून राहते, म्हणून मावशीसाठी स्टीलचा डाव घ्या. तळणीचे तेल नवे घ्या. आधी मुलाचे आणि मावशीचे रांधा, ताटे झाकून बाजूला ठेवा, मग बाकीच्यांची सुंगटे तव्यावर टाका. प्रॉम्प्टच्या शेवटी ‘रांधण्याचा क्रम आणि वेगळी ठेवायची भांडी सांग’ अशी ओळ घातलीत तर हे उत्तरातच येईल.

पाकिटे पुन्हा आणाल तेव्हा लेबल पुन्हा वाचा. त्याच कंपनीचा तोच मसाला असला तरी घटक बदलतात, आणि तुमच्या नोटमधली ओळ मागच्या पाकिटाची असते.

जेवल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या आणि त्याबरोबर उलट्या, घरघर किंवा श्वासाला त्रास सुरू झाला, तर फोनवर काही टाइप करत बसू नका. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते त्यांनी शिकवले तसे लगेच द्या आणि १०८ ला फोन करा. माणसाला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसते ठेवा, पण उभे करून चालवू नका. पाककृती आणि पाकिटे बरोबर घ्या, डॉक्टर ती मागतील.